उलट्या वाटेने मुळाशी

इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. तीन ओळी आणि तीन स्तंभांची एक मॅट्रिक्स दिलेली असते आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या असतात. रीत पाठ असते. कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून λ वजा करायचा, निश्चयक उलगडायचा, λ ची त्रिघाती बहुपदी मिळवायची आणि तिची मुळे शोधायची. ही मुळे बहुधा १, २, ३ अशी गुळगुळीत निघतात, कारण प्रश्न काढणाऱ्याने ती आधीच ठरवलेली असतात. मीही हे कित्येकदा केले आहे, आणि दर वेळी पहिले मूळ अंदाजाने १ घालून पाहिले आहे.

नंतर नोकरीत पहिल्यांदा संगणकाला पाचव्या घाताच्या एका बहुपदीची मुळे विचारली. उत्तर लगेच आले. ते कसे आले म्हणून आत डोकावलो, तर संगणकाने उलटाच कारभार केलेला. आम्ही मॅट्रिक्सवरून बहुपदी काढायचो आणि मग मुळे. संगणकाने बहुपदीवरून एक मॅट्रिक्स रचली आणि तिच्या आयगेनव्हॅल्यू काढून त्याच मुळे म्हणून हातावर ठेवल्या. मॅटलॅबमधले `roots` हेच करते, पायथनच्या नमपायमधले `np.roots` सुद्धा हेच करते.

ही उलटी वाट का घ्यावी लागली, ती कुठपर्यंत नेते आणि शेवटचे चार पावले स्वतःच्या पायांनी का चालावे लागते, हे एका जुन्या समीकरणावर पाहू. समीकरण न्यूटनच्या हातचे आहे: x³ − 2x − 5 = 0. जॉन वॉलिस यांनी १६८५च्या आपल्या बीजगणितावरच्या ग्रंथात न्यूटनची मुळे शोधण्याची रीत याच उदाहरणासह छापली. तेव्हापासून मूळ शोधण्याची नवी रीत निघाली की ती आधी या समीकरणावर घासून पाहायची, अशी प्रथाच पडून गेली.

पण आधी थोडे छंदशास्त्र. सोबतीची मॅट्रिक्स, म्हणजे कंपॅनियन मॅट्रिक्स, समजून घ्यायला त्याहून सोपी जागा मला माहीत नाही.

लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? मोजून पाहिले तर पाच प्रकारे. पाच मात्रांची आठ, सहा मात्रांची तेरा, सात मात्रांची एकवीस प्रकारे. कारण उघड आहे. ओळीचे शेवटचे अक्षर लघु असेल तर आधी एक मात्रा कमी उरते आणि गुरू असेल तर दोन कमी, म्हणून प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज. बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम सांगितला आणि त्याच्याही कितीतरी आधी विरहांकाला तो ठाऊक होता. युरोपात या संख्यांना पुढे फिबोनाचीचे नाव मिळाले.

आता हा नियम चालवणारे एक छोटे यंत्र कल्पा. त्याच्या हातात दोन संख्यांची जोडी असते, समजा १३ आणि ८. यंत्र दोहोंची बेरीज करून नवी संख्या पुढे ठेवते, १३ ला एक घर मागे सरकवते आणि ८ ला सोडून देते. जोडी होते २१ आणि १३. या यंत्राचे काम आकड्यांच्या चौकटीत असे लिहिता येते:

```
1  1
1  0
```

वरची ओळ सांगते की नवी संख्या कशी घडवायची. खालची ओळ फक्त म्हणते, पहिली संख्या दुसऱ्या घरात सरकवा. हे यंत्र फिरवत राहिले की शेजारच्या संख्यांचे गुणोत्तर स्थिरावू लागते. २१ ला १३ ने भागले तर १.६१५, ३४ ला २१ ने भागले तर १.६१९, आणि पुढे ते १.६१८ पाशी येऊन थांबते. हा १.६१८ म्हणजे x² − x − 1 = 0 या समीकरणाचे मोठे मूळ. समीकरण आपण कुठे सोडवलेच नाही. ते x² = x + 1 असे लिहून पाहा: ‘पुढची पायरी म्हणजे आधीच्या दोहोंची बेरीज’, हा मात्रांचाच नियम आहे.

न्यूटनच्या समीकरणालाही हेच करू. ते x³ = 2x + 5 असे लिहू आणि तीन घरांचे यंत्र बनवू:

```
0  2  5
1  0  0
0  1  0
```

खालच्या दोन ओळींचे काम तेच, सरकवण्याचे. वरच्या ओळीत बहुपदीचे सहगुणक चिन्ह बदलून बसले आहेत: x² नाहीच म्हणून 0, मग 2, मग 5. ही झाली न्यूटनच्या बहुपदीची सोबतीण. तिच्यात नवीन माहिती काहीच नाही, बहुपदीचेच आकडे दुसऱ्या पाटावर मांडले आहेत.

आता समजा r हे या समीकरणाचे एक मूळ आहे. यंत्राच्या तीन घरांत वरून खाली r², r आणि 1 ठेवा आणि यंत्र एकदा फिरवा. वरच्या घरात 2r + 5 येईल. पण r हे मूळ असल्यामुळे 2r + 5 म्हणजेच r³. मधल्या घरात r² सरकेल, खालच्यात r. म्हणजे r², r, 1 च्या जागी r³, r², r आले. सगळी यादी r पटीने वाढली, तिच्या आतली प्रमाणे मात्र तशीच राहिली. मॅट्रिक्समधून गेल्यावर एखादी यादी अशी नुसती काही पटीने मोठी किंवा लहान होऊन बाहेर पडते, तेव्हा त्या पटीलाच आयगेनव्हॅल्यू म्हणतात. तेव्हा बहुपदीचे प्रत्येक मूळ हे तिच्या सोबतिणीची आयगेनव्हॅल्यू असते, आणि उलटही खरे आहे. एवढीच त्या मॅट्रिक्सची किमया.

यंत्र नुसते फिरवत राहूनच उत्तर काढता येणार नाही का? येईल, पण रडतखडत. १, १, १ पासून सुरुवात केली तर पुढे ७, ७, १९, ४९, ७३, १९३, ३९१, ७५१, १७४७ अशी रांग लागते. शेवटची तीन गुणोत्तरे काढली तर २.०३, १.९२, २.३३. खरे मूळ २.०९४५५ च्या जवळ आहे, आणि हे गुणोत्तर त्याच्या भोवती झोके घेत बसले आहे. कारण असे की या समीकरणाला आणखी दोन मुळे आहेत, दोन्ही संमिश्र, आणि त्यांचा आकार सुमारे १.५४५ आहे. प्रत्येक फेरीत त्यांची लुडबूड १.५४५ भागिले २.०९५ या प्रमाणात, म्हणजे साधारण पाऊण पटीने कमी होते. एक बरोबर दशांशस्थळ मिळवायला सात-आठ फेऱ्या लागतात. शिवाय मिळते ते फक्त सर्वांत मोठे मूळ, बाकीची दोन हाती लागतच नाहीत. डॅनिएल बर्नुली यांनी अठराव्या शतकात सुचवलेली रीत हीच आहे.

मग थेट सूत्रच का वापरू नये? तिसऱ्या आणि चौथ्या घाताला सूत्रे आहेत, पण पाचव्या घातापासून पुढे बेरीज, गुणाकार आणि मुळे घेण्याच्या क्रियांतून बनलेले सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेल यांनी १८२४मध्ये सिद्ध केले. यातून आणखी एक गोष्ट आपोआप निघते. प्रत्येक बहुपदीला सोबतीण असल्यामुळे पाच ओळींच्या किंवा त्याहून मोठ्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढण्याचेही असे सूत्र असू शकत नाही. म्हणून आयगेनव्हॅल्यू काढणारी प्रत्येक रीत मुळात जवळ जवळ सरकत जाणारीच असते. प्रश्न एवढाच, की सरकायचे किती वेगाने, आणि वाटेत किती कमी सांडायचे.

याचे उत्तर १९६१मध्ये एकाच वेळी दोन ठिकाणांहून आले. लंडनमध्ये जॉन फ्रान्सिस आणि लेनिनग्राडमध्ये वेरा कुब्लानोव्स्काया या दोघांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, क्यूआर नावाची रीत प्रसिद्ध केली. तिची कल्पना थोडक्यात अशी. कोणत्याही मॅट्रिक्सचे दोन तुकड्यांच्या गुणाकारात विभाजन करता येते. पहिला तुकडा Q नुसता फिरवतो, ताणत किंवा आकसत नाही. दुसऱ्या तुकड्यात, R मध्ये, कर्णाच्या खाली सगळी शून्ये असतात. हे दोन तुकडे काढायचे आणि उलट्या क्रमाने गुणायचे, आधी R आणि मग Q. नवी मॅट्रिक्स दिसायला वेगळी असते, पण तिच्या आयगेनव्हॅल्यू जुन्याच असतात. हे पुन्हा पुन्हा केले की कर्णाखालच्या संख्या विरघळत जातात आणि आयगेनव्हॅल्यू कर्णावर उघड्या पडतात.

नुसते एवढेच केले तर वेग बर्नुलींच्या यंत्राइतकाच. फ्रान्सिस यांचे खरे कसब पुढे आहे. प्रत्येक फेरीआधी मॅट्रिक्सच्या कर्णातून एक अंदाजी संख्या वजा करायची, म्हणजे जे मूळ शोधत आहोत ते शून्याजवळ सरकते आणि बाकीची दूर राहतात. मग कर्णाखालची संख्या झपाट्याने, प्रत्येक फेरीत चुकीचा साधारण वर्ग होत, नाहीशी होते. संमिश्र मुळे जोडीने येतात म्हणून फ्रान्सिस यांनी दोन फेऱ्या एकात गुंफल्या आणि सगळा हिशेब साध्या वास्तव संख्यांतच ठेवला. आपल्या तीन घरांच्या मॅट्रिक्समध्ये शेवटी एका बाजूला २.०९४५५ एकटे उरते आणि उरलेल्या दोन मुळांचा दोन बाय दोनचा एक तुकडा उरतो. तो तुकडा वर्गसमीकरणाने सुटतो.

सोबतिणीचा इथे एक फायदा होतो. एरवी क्यूआर सुरू करण्याआधी मॅट्रिक्सला अशा रूपात आणावे लागते की कर्णाखाली फक्त एकच ओळ उरेल. हे काम खर्चिक असते. आपल्या मॅट्रिक्समध्ये कर्णाखाली १ ची एक रांग आहे आणि त्याखाली शून्ये, म्हणजे ती जन्मतःच या रूपात आहे. तरी वीस घातांच्या बहुपदीसाठी वीस बाय वीसची चौकट, म्हणजे चारशे घरे भरायची, त्यातली बहुतेक शून्याने, हा थोडा राजेशाही थाट आहे खरा. घात दुप्पट झाला की काम साधारण आठपट होते. हजारो घातांच्या बहुपद्यांना ही रीत परवडत नाही. पण वीस, पन्नास, शंभर घातांपर्यंत आजचा संगणक हे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत करतो.

आता मुख्य गोष्टीकडे. हे उत्तर कितपत खरे?

संगणक साध्या हिशेबात प्रत्येक संख्येचे सुमारे सोळा आकडे धरतो. पुढचे छाटले जातात. क्यूआरमध्ये शेकडो गुणाकार-बेरजा होतात आणि प्रत्येक वेळी थोडे छाटकाम होते. या रीतीचे मोठेपण असे की सगळ्या छाटकामाची बेरीजही वाढत जात नाही. हाती आलेली उत्तरे ही मूळ मॅट्रिक्सच्या अगदी लगतच्या एखाद्या मॅट्रिक्सची बिनचूक उत्तरे असतात. पण ‘लगतची’ म्हणजे मॅट्रिक्समधल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या तुलनेत लगतची. घरात एक आकडा दहा कोटींचा असेल आणि एखादे मूळ एक भागिले दहा कोटी असेल, तर दहा कोटींवर क्षुल्लक असलेली चूक त्या बारक्या मुळाला गिळून टाकू शकते. यावर उपाय म्हणून आधी ओळी-स्तंभांचे आकडे समतोल करून घेतात आणि त्याने पुष्कळदा काम होते, नेहमी नाही.

असे नुकसान कसे होते हे शाळेतल्या सूत्रावरही दिसते. x² − 100000000x + 1 = 0 घ्या. मुळे जवळपास दहा कोटी आणि एक भागिले दहा कोटी, म्हणजे १० × १०⁻⁹. संगणकावर वर्गसमीकरणाचे नेहमीचे सूत्र जसेच्या तसे वापरले तर लहान मूळ ७.४५ × १०⁻⁹ असे येते. पाव भाग गायब! दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी झाली आणि खरे उत्तर ज्या आकड्यांत होते तेच आकडे छाटले गेले.

इथे न्यूटन पुन्हा येतात, पॉलिशवाले म्हणून. मुळाचा अंदाज x आहे. त्या ठिकाणी बहुपदीची किंमत काढा, तिथला आलेखाचा उतार काढा, किमतीला उताराने भागा आणि तेवढे x मधून वजा करा. आलेख तिथे जणू सरळ रेषा आहे असे मानून ती रेषा शून्याला कुठे छेदते तिथे उडी मारायची, एवढेच. ७.४५ × १०⁻⁹ वर बहुपदीची किंमत येते सुमारे ०.२५५ आणि उतार उणे दहा कोटी. भागाकार उणे २.५५ × १०⁻⁹. तो वजा केला की x होतो १०.०० × १०⁻⁹. एका पावलात गहाळ झालेला पाव भाग परत आला. कारण आपण मूळ सहगुणकांकडे परत गेलो, वाटेत जे सांडले होते त्याच्याकडे पाहिलेच नाही.

न्यूटनच्या स्वतःच्या समीकरणावर हे अधिक सुंदर दिसते. समजा मॅट्रिक्सने मुद्दाम फार कच्चे उत्तर दिले, २.१. तिथे किंमत ०.०६१, उतार ११.२३, भागाकार ०.००५४३. नवा अंदाज २.०९४५६८१. आधीची चूक पाच सहस्रांशांच्या आसपास होती, आता ती दीड-पावणेदोन लक्षांशांवर आली. दुसऱ्या पावलानंतर २.०९४५५१४८१७, आणि चूक दहाव्या दशांशस्थळी. तिसऱ्या पावलाने संगणकाचे सोळाही आकडे भरून निघतात. बरोबर आकड्यांची संख्या दर पावलाला दुप्पट होते. प्रत्यक्षात क्यूआरची उत्तरे २.१ पेक्षा कितीतरी चांगली असतात, म्हणून एक किंवा दोन पावले पुरतात. नमपायमध्ये हे सगळे एवढ्यात होते:

```python
import numpy as np
p = [1, 0, -2, -5]
z = np.roots(p)
d = np.polyder(p)
for k in range(2):
    z = z - np.polyval(p, z) / np.polyval(d, z)
```

मग सरळ न्यूटनच का नाही, मॅट्रिक्सचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. कारण न्यूटनच्या पावलांना चांगली सुरुवात लागते. वाटेल तिथून सुरू केले तर ती भरकटतात, आणि चार वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू केले तरी चारही एकाच मुळाशी जाऊन बसू शकतात. एकेक मूळ काढून बहुपदीला त्याने भागत जाणे हा जुना मार्ग, पण प्रत्येक भागाकारात आधीच्या मुळाची चूक पुढच्या बहुपदीत झिरपते. मॅट्रिक्स सगळी मुळे एकदम देते, प्रत्येकाच्या जवळ एक खूण ठेवून. न्यूटन फक्त शेवटची घासपूस करतो. माझ्या मते ही कामाची वाटणी हेच या रीतीचे शहाणपण आहे.

पॉलिश केल्यावर तपासायचे कसे? शाळेतला नियम कामी येतो. मुळांची बेरीज म्हणजे दुसऱ्या सहगुणकाचे विरुद्ध चिन्ह. आपल्या समीकरणात x² नाही म्हणून बेरीज शून्य यायला हवी. वास्तव मूळ २.०९४५५१४८, बाकीची दोन −१.०४७२७५७४ ± १.१३५९३९८९i. बेरीज शून्य. पॉलिश करताना दोन अंदाज चुकून एकाच मुळाकडे सरकले असते, तर ही बेरीज लगेच बोंब मारते.

थांबायचे कधी, हेही किमतीवरूनच ठरते. २.०९४५५ पाशी बहुपदीची किंमत काढताना ९.१९, ४.१९ आणि ५ या संख्यांची बेरीज-वजाबाकी होते. सोळा आकड्यांच्या हिशेबात त्यातच 10⁻¹⁵ ते 10⁻¹⁴ एवढी खरखर राहते. किंमत या खरखरीच्या आत आली की पुढची पावले म्हणजे नुसता गोंगाट. पाऊल आधीच्या पावलापेक्षा लहान न होता मोठे झाले, तर थांबायचे आणि आधीचे उत्तर ठेवायचे. हा नियम किती महत्त्वाचा आहे ते पुढच्या उदाहरणात कळते.

x³ − 3x² + 3x − 1 घ्या. ही (x − 1)³ आहे, तिन्ही मुळे १. शेवटच्या 1 मध्ये फक्त 10⁻¹⁵ एवढा फरक पडला असे समजा, म्हणजे संगणकाच्या छाटकामाइतका. मग (x − 1)³ = 10⁻¹⁵ झाले, आणि घनमूळ काढले की x − 1 = 10⁻⁵. पंधराव्या दशांशस्थळातली चूक एकदम पाचव्या स्थळावर आली! संगणकाला ही मुळे विचारली तर तो खरोखरच १ च्या भोवती साधारण एवढ्याच अंतरावर विखुरलेले तीन ठिपके देतो, त्यातले दोन बहुधा संमिश्र. यात क्यूआरची चूक नाही. सोळा आकड्यांत लिहिलेल्या सहगुणकांत तिहेरी मुळाची जागा यापेक्षा नेमकी लिहिलेलीच नसते.

आणि अशा ठिकाणी पॉलिश केले तर? १ पासून 10⁻⁶ अंतरावर बहुपदीची खरी किंमत 10⁻¹⁸ आहे, पण हिशेबातली खरखर 10⁻¹⁶ च्या घरात. उतार फक्त 3 × 10⁻¹². खरखरीला उताराने भागले की पाऊल येते 3 × 10⁻⁵. म्हणजे होती त्या चुकीच्या तीसपट लांब उडी, आणि तीही कुठल्याही दिशेने. पॉलिश करता करता पितळ उघडे पडते ते असे. अशी मुळे ओळखू येतात: दोन-तीन उत्तरे एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांच्यापाशी उतार अगदी लहान असतो. तिथे एकेकटे घासू नये.

या बाबतीत जेम्स विल्किन्सन यांनी खाल्लेला धक्का प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, पायलट एस या सुरुवातीच्या संगणकावर काम करताना त्यांनी चाचणी म्हणून १ ते २० ही मुळे असलेली बहुपदी घेतली. मुळे एकमेकांपासून सुटी सुटी, एकेक अंतरावर, म्हणजे यात अडचण ती काय? पण उलगडून लिहिल्यावर तिचे सहगुणक वीस-वीस आकडी होतात. x¹⁹ चा सहगुणक −210 आहे. त्या २१० च्या जागी २१०.००००००११९ एवढा बदल केला, तर वीसपैकी दहा मुळे संमिश्र होतात. १६ आणि १७ च्या जागी १६.७३ ± २.८१i येतात, २० चे २०.८५ होते. लहान मुळे, १ ते ५, मात्र ढिम्म हलत नाहीत. विल्किन्सन यांनी १९८४मध्ये याच बहुपदीवर एक लेख लिहिला आणि शीर्षकातच बहुपदीला विश्वासघातकी म्हटले. त्या लेखाला पुढे शोव्हने पारितोषिक मिळाले.

इथे पॉलिशची मर्यादा नेमकी कळते. सहगुणक तुमच्याकडे मोजमापातून आले असतील, वजनकाट्यावरून, तापमापकावरून, तर विल्किन्सनसारख्या बहुपदीच्या मधल्या मुळांबद्दल त्या आकड्यांनाच काही माहीत नसते. कितीही घासा, चकचकीत चुकीचे उत्तर मिळेल. पण सहगुणक पूर्णांक असून पक्के ठाऊक असतील, तर किंमत काढण्याचा हिशेब सोळाऐवजी बत्तीस आकड्यांत करायचा. उतार सोळा आकड्यांत चालतो, पाऊलही. जपायची असते ती फक्त किंमत. मॅट्रिक्सने १४ च्या जवळ दिलेला, दुसऱ्या-तिसऱ्या दशांशस्थळी चुकलेला अंदाज मग काही पावलांत बरोबर १४ वर येतो. सगळा हिशेब बत्तीस आकड्यांत करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

विल्किन्सन यांनी आयुष्यभर बजावले की आयगेनव्हॅल्यू काढायला बहुपदीकडे जाऊ नका. वर्गात आपण नेमके तेच शिकतो. तीन बाय तीनला चालून जाते, वीस बाय वीसला आकड्यांची राख होते. उलट बाजूने, बहुपदीकडून मॅट्रिक्सकडे जाणे मात्र निर्धोक, कारण त्या वाटेवर सहगुणक जसेच्या तसे वरच्या ओळीत बसतात, काहीच सांडत नाही.

फ्रान्सिस यांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. क्यूआरवरचे दोन लेख छापून ते या विषयातून बाहेर पडले आणि दुसऱ्या कामांत रमले. विसाव्या शतकातल्या दहा महत्त्वाच्या संगणकीय रीतींच्या यादीत २००० साली क्यूआरचे नाव आले, तेही त्यांच्या कानावर गेले नाही. जीन गोलब आणि फ्रँक उलिग यांनी २००७मध्ये त्यांना शोधून काढले, तेव्हा कुठे त्यांना कळले की आपली रीत जगभर चालते आहे.

घरी पायथन असेल तर एक करून पाहा. `np.roots([1, -3, 3, -1])` लिहा आणि पाचव्या-सहाव्या स्थळी बिघडलेली तीन उत्तरे पाहा. मग त्या तिघांची सरासरी काढा. विखुरलेले ठिपके १ च्या भोवती समतोल बसलेले असतात आणि बेरजेचा नियम संगणकाच्या छाटकामातही टिकून राहतो, म्हणून ती सरासरी जवळजवळ सोळाही आकड्यांपर्यंत १ येते.